रविवारी पाच ते सहा

काकासाहेब गुरुजींनी कौसल्याच्या फॉर्मवर पेन्सिलीने दोन ठिकाणी गोल केले आणि फॉर्म तिच्याकडे परत सरकवला.

गुरुजी नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दर जानेवारीत जालन्यात भरायचा, आणि त्याची सूची छापून घ्यायचं काम तेव्हापासून त्यांच्याकडेच आलं होतं. डिसेंबर लागला की त्यांच्या ओट्यावर फॉर्मांचे गठ्ठे पडायचे. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रक्तगट, शिक्षण, नोकरी, मामाचं आडनाव, नात्यातली आडनावं, अपेक्षा. प्रत्येक फॉर्म ते वह्या तपासाव्यात तसा तपासायचे. उंचीत दोन इंच वाढवलेले त्यांना कागदावरूनच कळायचे. अर्ध्या समाजाला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. कौसल्याही त्यांच्याच वर्गातली.

"इथं तू लिव्हलंय, 'मोकळा वेळ नाही,'" गुरुजी म्हणाले. "वाचणाऱ्यानं काय समजायचं? आज न्हाई का जन्मात न्हाई?"

"परीक्षेपर्यंत न्हाई."

"मंग ती तारीख लिही. आणि अजिबातच न्हाई का? जेवतीस, आंघोळ करतीस."

कौसल्याने विचार केला. विचार करायला हल्ली तिला वेळ लागायचा. "रविवारी संध्याकाळी एक तास निघंल," ती म्हणाली.

"कोणता तास?"

"पाच ते सहा."

"हां. आता माणसाला धरायला काहीतरी सापडलं." गुरुजींनी दुसऱ्या गोलावर बोट ठेवलं. "हे 'अभ्यासू, मनमिळाऊ' खोड. ते सगळेच लिव्हतात. अभ्यास किती करतीस ते लिही."

तिने लिहिलं, 'रोज दहा तास.'

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "हे खरं हाय ना? छापल्यावर मला खोडता येत न्हाई."

"खरंय गुरुजी."

ते खरं नव्हतं. म्हणजे दहा तास ती टेबलाशी बसायची, हे खरं होतं. पहाटे पाचला उठायची, पुस्तक उघडायची, आणि ते उघडं राहायचं. ऑगस्टमध्ये विक्रीकर निरीक्षकाच्या मुख्य परीक्षेची यादी पेपरात आली होती. मुलाखतीला बोलावलेल्यांच्यात तिचा नंबर नव्हता. मग टपालाने गुणपत्रक आलं, आणि चार गुण कमी पडल्याचं कळलं. ती रडली नव्हती. आईने केलेलं पिठलं जेवली, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राज्यव्यवस्थेचं पुस्तक काढून बसली. पान सत्त्याऐंशी, राज्यपालांचे अधिकार. त्या पानावर ती अजूनही बसलेली होती. शब्द दिसायचे, वाचताही यायचे, पण आत काही जायचं नाही. पान उलटायला काही कारण मिळत नव्हतं, म्हणून ती उलटत नव्हती.

हे कोणालाच माहीत नव्हतं. आई आशाबाई दार लोटून घ्यायची, रेडिओ बंद ठेवायची, शेजारणीला दारातूनच परत पाठवायची. वडील म्हस्कू एमआयडीसीत रोलिंग मिलच्या भट्टीवर होते. रात्रपाळी करून आले की पायातल्या चपला हातात घेऊन तिच्या टेबलामागून आत जायचे. या दोन खोल्यांमध्ये तिचा अभ्यास हा घरातल्या आजारी माणसासारखा जपला जात होता.

फॉर्म भरायचं ठरलं ते म्हस्कूंच्या शब्दावर. पंचविसावं लागलं होतं. पिंपळगाव रेणुकाई या मूळ गावच्या भावकीतून दर महिन्याला कोणीतरी विचारायचं. म्हस्कू म्हणाले होते, "कौसे, मी तुला ही परीक्षा देऊ देतो. तू मला फॉर्म भरू दे." तिने मान हलवली होती. हो म्हणायलाही तिला काही लागत नव्हतं आणि नाही म्हणायलाही.

गुरुजींनी मजकूर तिसऱ्यांदा लिहून घेतला तो असा होता:

'सध्या नोकरी नाही. विक्रीकर निरीक्षक परीक्षेची तयारी चालू. मागच्या वेळी मुख्य परीक्षेत चार गुण कमी पडले. पूर्वपरीक्षा २१ मे २०००. तोपर्यंत रोज दहा तास अभ्यास, मोकळा वेळ नाही. भेटायचे असल्यास रविवारी सायंकाळी पाच ते सहा. लग्न परीक्षेआधी ठरवता येईल, करता येणार नाही. पास होईनच अशी खात्री देत नाही. पास झाल्यास नेमणूक बाहेरगावी होऊ शकते. अपेक्षा: हे चालणारा.'

"बापाला दाखवलं का?" गुरुजींनी विचारलं.

"ते म्हणले, गुरुजी म्हणतील ते."

"मी काय म्हणतो ते सोड. हे वाचून दहातले नऊ लोक पान उलटतील. चालंल?"

"चालंल," कौसल्या म्हणाली. तिला तेच हवं होतं. कोणी आलं नाही, तर तिला मे महिन्यापर्यंत नुसतं बसून राहता येणार होतं.

मेळावा मंगल कार्यालयात झाला. सूचीतल्या क्रमाने नंबर पुकारायचे, स्टेजवर जायचं, माइकवर एक मिनिटात आपला परिचय द्यायचा आणि खाली उतरायचं. कौसल्याचा नंबर दोनशे चौदा. तिने सूचीतला मजकूर उघडून जसाच्या तसा वाचला. 'पाच ते सहा' आल्यावर मागच्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "दवाखाना हाय का वो?" मंडप हसला. कौसल्याने वर पाहिलं, हसू थांबू दिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. खाली उतरताना पायरी कुठे संपली ते तिला कळलं नाही, पण ती पडली नाही.

नंतर दोन स्थळं आली. एक बुधवारी सकाळी अकराला आलं, दुसरं शनिवारी जेवणाच्या वेळेला. दोघांनीही सूची हातात धरली होती आणि पाच ते सहा वाचलं होतं. "ते काय, छापायला लिव्हतात," पहिल्या स्थळातले मामा म्हणाले. म्हस्कूंनी त्यांना बसवलं. पाव्हण्याला परत पाठवायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. कौसल्या पदर घेऊन पोहे घेऊन आली, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि परत आत जाऊन सत्त्याऐंशी पानापुढे बसली. तिचं काही मोडलं नव्हतं, कारण काही चाललंच नव्हतं. दोन्हीकडून निरोप आला नाही.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा एका रविवारी दुपारी पाच-सहा माणसं गल्लीत आली आणि समोरच्या लिंबाखाली दगडांवर टेकली. कौसल्याचं टेबल खिडकीशी होतं. तिने त्यांना पाहिलं. एक म्हातारी, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. एक उंच तरुण, पांढरा शर्ट. दोन पुरुष फेट्यातले. एक बाई कडेवर लेकरू घेऊन. कोणाच्या तरी घरी कार्यक्रम असेल, असं तिला वाटलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेतीनला लेकरू रडलं. म्हातारीने पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. ऊन सरकलं तशी सगळी माणसं सावलीबरोबर सरकली. चारला तो तरुण हापशावर जाऊन तांब्या भरून आला. कौसल्या बघत होती. पुस्तक उघडं होतं.

सव्वाचारला म्हस्कू उठून चूळ भरायला बाहेर गेले आणि लिंबाखालच्या माणसांशी बोलू लागले. मग ते जवळपास पळतच आत आले. "अगं, हे पाव्हणे हायेत. कुंभार पिंपळगावचे. तिला बघायला आलेत."

आशाबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कवापासून बसलेत?"

"तीनपासून. बस दोनलाच पोचली म्हणतात. मी म्हणलो आत या, तर म्हातारी म्हणती, कागदावर पाच लिव्हलंय. पोरगी अभ्यास करून राह्यली."

"उन्हात बसवलं आपण पाव्हण्याला," आशाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

म्हस्कू पुन्हा बाहेर गेले. त्यांचा आवाज खिडकीतून येत होता. ते हात जोडत होते. म्हातारी हात हलवून नाही म्हणत होती. "जीव नका जाळून घेऊ, पाव्हणं," ती म्हणाली. "आमाला काय, मेंढरामागं आयुष्य उन्हातच गेलं. तिचा तास मोडू नका." शेवटी म्हस्कू पाण्याची कळशी आणि पेले घेऊन गेले आणि स्वतःही त्यांच्याबरोबर दगडावर बसले. आत यायला त्यांना तोंड नव्हतं आणि बाहेर बोलायला काही नव्हतं.

कौसल्या टेबलाशी होती. उठावं, असं एकदा तिच्या मनात आलं. मग वाटलं, उठलं तर सगळ्यांना दिसेल की ती अभ्यास सोडून केव्हाही उठू शकत होती. म्हणून ती बसली. समोर राज्यपालांचे अधिकार होते. तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. पहिली विसरली. बाहेर सहा माणसं तिच्या वाचण्याची वाट बघत होती, आणि ती वाचत नव्हती. पाऊण तास ती तशीच बसून राहिली. आयुष्यात इतका लांब पाऊण तास तिने काढला नव्हता, पण त्यातही तिला काही झालं नाही.

पाचला दारावर थाप पडली.

म्हातारीचं नाव जयवंताबाई. उंच तरुण तिचा मुलगा मल्हारी. तो एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत उगवण बघायच्या खोलीत कामाला होता. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि सात दिवसांनी किती उगवले ते मोजून लिहायचं, हे त्याचं काम. दोघं फेटेवाले चुलते, कडेवर लेकरू घेतलेली बाई बहीण. सगळे सतरंजीवर बसले. जयवंताबाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघून घेतलं.

पोहे आले, चहा आला. चुलत्यांनी शेतीचं विचारलं, मामाचं आडनाव विचारलं. म्हस्कू प्रत्येक उत्तराआधी माफी मागत होते.

"माफी कशाला, बापा?" जयवंताबाई म्हणाल्या. "मी सगळी सूची वाचून घेतली या पोराकडनं. सगळ्या पोरी गोऱ्या, सगळ्यांना घरकामाची आवड. एकीनं खरं लिव्हलं, की मला सवड न्हाई. म्हणलं, हिला बघू." मग त्या कौसल्याकडे वळल्या. "काय वाचत होतीस ग पोरी, दोन तास?"

म्हस्कूंनी पटकन सांगितलं, "राज्यघटना."

"तिला विचारलं मी."

कौसल्याने तोंड उघडलं. राज्यपालांचे अधिकार, असं सांगून भागलं असतं. पुढचा प्रश्न कोणाला विचारता आला नसता. पण म्हातारीच्या लुगड्याला लिंबाचा पाला चिकटलेला होता. तो कौसल्याला दिसत राहिला.

"काही न्हाई," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"पुस्तक उघडं होतं. वाचत नव्हते. ऑगस्टपासून एकच पान हाय, सत्त्याऐंशी. मी दहा तास बसते, पण अभ्यास व्हत न्हाई. सूचीत लिव्हलंय ते खोटंय." तिचा आवाज बाजारातला भाव सांगावा तसा होता. "तुमी बाहेर बसले तवा बी मी तुमच्याकडं बघत होते."

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हस्कू सतरंजीकडे बघत राहिले. गेले सहा महिने चपला हातात घेऊन ते ज्या टेबलामागून गेले, त्या टेबलाकडे त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं.

एक चुलता हळू म्हणाला, "मंग आपुन उन्हात कशापायी बसल्तो?"

"तेच सांगितलं मी," कौसल्या म्हणाली.

बहिणीला हसू आलं. तिने ते लेकराच्या टोपड्यात लपवलं. जयवंताबाई हसल्या नाहीत. "आजारी हायेस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"परीक्षा द्यायची हाय का न्हाई?"

हा प्रश्न कौसल्याला कोणी विचारलाच नव्हता. तिनेही स्वतःला विचारला नव्हता. "द्यायची हाय," ती म्हणाली. "पण पान उलटत न्हाई."

मल्हारी इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "रोज दहा तास बसूच नका मंग. आमच्याकडं दाणे रोज उघडून बघितले तर खराब व्हतात." मग त्याला आपण फार बोललो असं वाटलं असावं, कारण तो लगेच चहाच्या बशीत बघू लागला.

"तुझी बियाणं राहू दे," जयवंताबाई म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास साधं बोलणं झालं. मल्हारीची पाळी सकाळी पावणेसातची, गावाकडून येणं-जाणं परवडत नाही म्हणून तो आठवडाभर जालन्यात मित्राबरोबर खोली करून राहतो. त्यालाही रविवारच मोकळा, तोही गावाकडे जाण्यात जातो. कौसल्याने विचारलं, बाहेरगावी नेमणूक झाली तर? तो म्हणाला, बियाण्याच्या कंपन्या दुसरीकडेही आहेत, पण तिथे घेतीलच असं तो सांगू शकत नाही. तिला ते उत्तर बरं वाटलं की नाही, हे तिलाच कळलं नाही. पण ते तिच्या लक्षात राहिलं.

घड्याळात सहा वाजले. जयवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. एका चुलत्याची बशी अर्धी भरलेली होती.

"जरा थांबा ना, जल्दी काय हाय," म्हस्कू म्हणाले.

"सहा वाजले," जयवंताबाई म्हणाल्या. हो नाही, काहीच न सांगता माणसं गल्लीतून निघून गेली.

त्या रात्री म्हस्कूंना पाळी होती. निघताना ते टेबलाजवळ थांबले. कौसल्याला वाटलं, आता बोलतील. त्यांनी चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि आवाज करत बाहेर गेले. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी आशाबाईंनी रेडिओ लावला. शेजारीण आत येऊन बसली. कौसल्या टेबलाशी बसली तेव्हा तिला बाजरीच्या भावाचं बोलणं ऐकू येत होतं. दुपारी ती गुरुजींकडे गेली आणि सगळं सांगून म्हणाली, "सूचीतलं दुरुस्त करायचंय."

"आठशे प्रती वाटून झाल्या," गुरुजी म्हणाले. "कागदावरचं आता दुरुस्त व्हत न्हाई." त्यांनी तिला रागावलंही नाही. "बस. पान सत्त्याऐंशी मला वाचून दाखव. समजून नको. नुसतं मोठ्यानं, चौथीत वाचायचीस तसं."

तिने पुस्तक आणलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "उद्या आण." ती दुसऱ्या दिवशी घेऊन गेली आणि मोठ्याने वाचलं. गुरुजी मध्येमध्ये फॉर्मांचे जुने गठ्ठे बांधत होते, ऐकत होते की नाही कळत नव्हतं. पान संपल्यावर ते म्हणाले, "उलट." तिने उलटलं.

गुरुवारी टपालाने जोडकार्ड आलं, एक त्यांचं आणि एक उत्तरासाठी कोरं. अक्षर मल्हारीचं होतं.

'आई सांगते तसे लिहितो. सोयरिकीचे परीक्षेनंतर बघू. तुमच्या मनात नसल्यास तसे कळवावे, राग नाही. दर रविवारी यायला बस सोयीची नाही. पाच ते सहाचा तास आमच्या नावाने मोकळा ठेवला असल्यास त्यात एक कार्ड लिहावे. कितव्या पानावर आहे तेवढेच लिहावे. जास्त लिहू नये, अभ्यास मोडतो. पान तेच असले तरी तेच लिहावे.'

कार्ड म्हस्कूंनी दोनदा वाचून घेतलं. "आसं कुठं आस्तं का?" ते म्हणाले आणि कार्ड कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं.

रविवारी पाचला कौसल्याने कोरं कार्ड काढलं. पत्ता लिहिला. पुस्तक उघडून पाहिलं. पाच दिवसांत चार पानं झाली होती. पाचवं अर्धं होतं, ते तिने धरलं नाही. तिने लिहिलं, 'पान नव्वद.' दोन शब्दांखाली कार्ड फार रिकामं दिसत होतं. या आठवड्यात पानं का कमी झाली, पुढच्या आठवड्यात किती करीन, असं काहीतरी लिहावं असं वाटलं. तिने नाही लिहिलं.

म्हस्कू सायकल काढत होते. "किती झालं?"

"नव्वद."

"बराबर." त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि पेटीत टाकायला नेलं.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आणखी पन्नास मिनिटं तिची स्वतःची होती आणि त्यात काय करायचं ते तिला सुचेना. टेबलाशी बसायचं नव्हतं. झोप येत नव्हती. ती चप्पल घालून बाहेर आली आणि लिंबाखाली, म्हातारी बसली होती त्या दगडावर जाऊन बसली. दगड उन्हाने अजून गरम होता. तिथून तिची खिडकी दिसत होती, खिडकीतलं टेबल दिसत होतं, आणि टेबलावर पालथं घातलेलं पुस्तक. सहा वाजेपर्यंत ती ते बघत राहिली.